दहा मार्कांचा बुडबुडा

संगणक अभियांत्रिकीच्या पेपरात एक प्रश्न फिरून फिरून येतो: साध्या प्रोसेसरच्या पाइपलाइनच्या पायऱ्या सांगा आणि हॅझर्ड कसे हाताळतात ते स्पष्ट करा. उत्तरंही ठरलेल्या साच्यातली. पाच चौकोन, त्यांना जोडणारे बाण, मग हॅझर्डचे तीन प्रकार आणि प्रत्येकाची दोन ओळींची व्याख्या. त्यात चूक काही नसतं, पण लिहिणाऱ्याला पाइपलाइन समजली आहे की नुसती पाठ झाली आहे, हे त्यावरून कळत नाही. ते कळतं कुठली सूचना कुठल्या क्षणी कुठे होती याच्या तक्त्यावरून. म्हणून तीनच सूचना घेऊन हे उत्तर लिहून पाहू.

प्रोसेसरला दिलेली प्रत्येक सूचना पार पडताना पाच कामं होतात. आधी ती मेमरीतून आणायची, ही IF पायरी. मग ती काय म्हणते ते ओळखून तिला लागणाऱ्या किमती रजिस्टरांतून वाचायच्या, ही ID. रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या पोटातले मोजके कप्पे. RISC-V च्या साध्या प्रोसेसरात ते ३२ असतात, x0 ते x31. तिसरी पायरी EX, म्हणजे प्रत्यक्ष बेरीज-वजाबाकी. चौथी MEM, गरज असेल तरच डेटासाठी मेमरीकडे जायचं. शेवटी WB, आलेलं उत्तर रजिस्टरात लिहायचं.

पाठ्यपुस्तकी हिशेबात मेमरीला २०० पिकोसेकंद धरतात, गणिताला २००, आणि रजिस्टर वाचायला व लिहायला प्रत्येकी १००. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग. मेमरीतून किंमत आणणाऱ्या सूचनेची पाचही कामं ओळीनं केली तर ८०० पिकोसेकंद जातात. पाइपलाइनमध्ये एक सूचना EX मध्ये असते तेव्हा मागची ID मध्ये आणि तिच्या मागची IF मध्ये असते. सगळ्यांनी एकाच ठोक्याला पुढे सरकायचं, त्यामुळे ठोका सर्वांत संथ पायरीच्या मापाचा ठेवावा लागतो, २०० चा. म्हणजे एका सूचनेला आता १००० पिकोसेकंद लागले! सुटी सूचना उलट मंदावली. फायदा इतकाच की पाइपलाइन भरली की दर २०० पिकोसेकंदांनी एक सूचना बाहेर पडते. आधी ८०० ला एक पडत होती, म्हणजे वेग चौपट झाला. पायऱ्या पाच म्हणून वेग पाचपट, असं ठोकून देणाऱ्याचा एक मार्क इथे कापायला हरकत नाही.

वर्गात हे समजावताना पोळ्यांचं उदाहरण चालतं. एकजण लाटतो, दुसरा भाजतो, तिसरा तूप लावतो. पण पहिली पोळी झाली नाही म्हणून दुसरी लाटायची कधी थांबत नाही. सूचनांचं तसं नाही. मागच्या सूचनेला पुढचीचं उत्तर हवं असतं, आणि बहुतेक वेळा लगेच हवं असतं.

```
lw   x5, 0(x10)
add  x6, x5, x7
sub  x8, x6, x9
```

पहिली सूचना मेमरीतली किंमत x5 मध्ये आणते. दुसरी त्यात x7 मिळवून x6 करते. तिसरी x6 मधून x9 वजा करते. x5 मध्ये जुने ३ पडले आहेत, मेमरीतून ४० येणार आहेत आणि x7 मध्ये १० आहेत, असं धरू. lw चे ४० रजिस्टरात लिहिले जाणार पाचव्या सायकलला. add मात्र रजिस्टर वाचायला तिसऱ्या सायकललाच हजर होते. तिथे तिला जुने ३ मिळतात आणि बेरीज ५० ऐवजी १३ येते. प्रोग्रॅम थांबत नाही, स्क्रीनवर काही इशारा येत नाही, चुकीचं उत्तर निमूटपणे पुढे जातं. डेटा हॅझर्ड म्हणतात तो हा.

सरळ उपाय म्हणजे थांबणं. रजिस्टरात लिहिणं सायकलच्या पहिल्या अर्ध्यात आणि वाचणं दुसऱ्या अर्ध्यात करतात, त्यामुळे add ला पाचव्या सायकलला x5 बरोबर वाचता येतो. म्हणजे तिला दोन सायकली ताटकळावं लागलं. sub ला x6 साठी पुन्हा दोन. अडथळा नसता तर तीन सूचना सातव्या सायकलला संपल्या असत्या, आता अकरावी उजाडते.

पण x6 चं खरं उत्तर रजिस्टरात जायच्या बरंच आधी तयार असतं. add ची EX पायरी संपताच ते EX आणि MEM यांच्यामधल्या तात्पुरत्या कप्प्यात येऊन बसतं. तिथून एक तार मागे नेऊन थेट गणित करणाऱ्या भागाच्या तोंडाशी जोडली की sub ला रजिस्टराची वाट पाहावी लागत नाही. याला फॉरवर्डिंग म्हणतात. तार जोडणं सोपं आहे, ती कधी वापरायची हे ठरवणं किचकट. पुढची सूचना ज्या रजिस्टरात लिहिणार तेच मागचीला वाचायचं आहे का, एवढं पाहून भागत नाही. पुढची खरोखर रजिस्टरात लिहिते का, हेही पाहावं लागतं. sw मेमरीत लिहिते, रजिस्टरात लिहीत नाही. शिवाय ते रजिस्टर x0 तर नाही ना? x0 मध्ये कायम शून्य असतं, त्यात काहीही लिहिलं तरी ते टाकून द्यायचं असतं. ही x0 ची अट विसरली तर शून्याच्या जागी भलतीच किंमत पुढे जाते. उत्तरपत्रिकांतही ती वारंवार गळते.

एवढं करूनही lw आणि add ची जोडी सुटत नाही. lw ची किंमत मेमरीतून येते ती चौथ्या सायकलच्या अखेरीस. add ला गणित करायचं असतं त्याच चौथ्या सायकलच्या सुरुवातीला. तार कितीही जवळून नेली तरी अजून न आलेली किंमत ती आणू शकत नाही. इथे एक सायकल थांबण्याला पर्याय नाही.

```
cycle  1   2   3   4   5   6   7   8
lw     IF  ID  EX  MEM WB
add        IF  ID  --  EX  MEM WB
sub            IF  --  ID  EX  MEM WB
```

चौथ्या सायकलखालच्या त्या दोन आडव्या रेघांत उत्तराचा अर्धा जीव आहे. थांबायचं म्हणजे नेमकं काय, हे तिथे सांगावं लागतं. ID पायरीवर एक पहारेकरी सर्किट असतं. पुढे EX मध्ये lw आहे आणि तिचं रजिस्टर आपल्याला वाचायचं आहे, असं त्याला दिसलं की ते तीन गोष्टी करतं. पुढच्या सूचनेचा पत्ता सांगणारा प्रोग्रॅम काउंटर आहे तिथे गोठवतं. IF आणि ID यांच्यामधला कप्पा गोठवतं, म्हणजे add जागेवर राहते. आणि EX कडे जाणारे सगळे नियंत्रण-संकेत शून्य करतं, म्हणजे त्या ठोक्याला पुढे सरकते ती काहीच न करणारी पोकळी. हाच बबल, बुडबुडा. ते संकेत शून्य करायचे राहिले तर add एकदा चुकीच्या किमतीनं आणि एकदा बरोबर किमतीनं, अशी दोनदा चालेल. अकरा सायकलींचं काम आता आठांत आलं.

हा बुडबुडाही वाया घालवायलाच हवा असं नाही. lw आणि add यांच्यामध्ये दोघींशी संबंध नसलेली एखादी कामाची सूचना, समजा addi x10, x10, 4, आणून ठेवली की त्याच आठ सायकलींत चार सूचना होतात. ही हलवाहलव कंपायलर करतो. स्टॅनफर्डमध्ये जॉन हेनेसी यांच्या गटानं १९८१ मध्ये MIPS चं काम सुरू केलं तेव्हा त्यांचा भर इथवर होता की हा पहारेकरी हार्डवेअरमध्ये ठेवूच नये. त्यातून आलेल्या पहिल्या MIPS प्रोसेसरांत नियमच होता: lw नंतरच्या लगेचच्या सूचनेनं ती किंमत वापरायची नाही, आणि मध्ये टाकायला काही सापडलं नाही तर रिकामी nop टाकायची. हार्डवेअर वाचलं, पण प्रोग्रॅम nop नी फुगायचे. MIPS च्या दुसऱ्या आवृत्तीत तो नियम निघाला आणि पहारेकरी आला. मला विचाराल तर कंपायलरवर सगळा भार टाकण्यात हिशेब कमी आणि उत्साह जास्त होता.

स्ट्रक्चरल हॅझर्डवर पानभर लिहायची गरज नाही. lw चौथ्या सायकलला मेमरीकडे जाते, त्याच वेळी चौथी सूचना मेमरीतून आणायची असते. मेमरीचं दार एकच असेल तर टक्कर होते. म्हणून प्रोसेसरच्या लगतची मेमरी, म्हणजे कॅश, सूचनांसाठी वेगळी आणि डेटासाठी वेगळी ठेवतात.

कंट्रोल हॅझर्डला मात्र वेळ द्यायला हवा. शंभर आकड्यांची बेरीज करणारा हा लूप पाहा. वरची हलवाहलव त्यात केलेलीच आहे, त्यामुळे lw पायी बुडबुडा येत नाही.

```
loop: lw   x5, 0(x10)
      addi x10, x10, 4
      add  x6, x6, x5
      bne  x10, x11, loop
```

शेवटची सूचना म्हणते, यादी संपली नसेल तर पुन्हा वर जा. जायचं की नाही हे तिच्या EX मध्ये ठरतं. तोवर तिच्या मागून खालच्या ओळीतल्या दोन सूचना आत शिरलेल्या असतात. वर जायचं ठरलं की त्या दोघी पुसून टाकाव्या लागतात. त्यांनी अजून मेमरीत किंवा रजिस्टरात काही लिहिलेलं नसतं, म्हणून पुसणं निर्धोक आहे. पण दोन सायकली गेल्याच. शंभरांतल्या ९९ फेऱ्यांत वर जायचं असतं, म्हणजे १९८ सायकली फुकट. सूचना ४००, पाइपलाइन भरायला ४, असा एकूण हिशेब ६०२ वर जातो.

म्हणून प्रोसेसर अंदाज बांधतो. मागच्या वेळी ही सूचना वर गेली होती ना, मग यावेळीही जाईल. कुठे जायचं तो पत्ताही एका छोट्या तक्त्यात जपून ठेवतो. अंदाज बसत गेला तर चूक फक्त शेवटच्या फेरीला होते आणि हिशेब ४०६ सायकलींवर येतो. पण हाच लूप दुसऱ्या लूपच्या आत असेल तर निव्वळ मागच्या वेळेची आठवण फसवते. बाहेर पडताना एक चूक होते, आणि ती ‘बाहेर पडलो’ अशी आठवण ठेवून जाते, त्यामुळे पुढच्या खेपेला आत शिरताना दुसरी. उपाय स्वस्त आहे: एका बिटाऐवजी दोन बिट ठेवायचे आणि मत बदलायला लागोपाठ दोन चुका लागतील असं करायचं. मग प्रत्येक खेपेला एकच चूक उरते.

आपल्या पाच पायऱ्यांच्या प्रोसेसरात चुकलेल्या अंदाजाची किंमत दोनच सायकली आहे. पायऱ्या वाढवल्या की ठोका जलद होतो, पण पुसायच्या सूचनाही वाढतात. इंटेलनं पेंटियम ४ च्या प्रेस्कॉट आवृत्तीत ३१ पायऱ्या ठेवल्या होत्या. चिप तापायची, आणि अंदाज चुकला की मोठं काम पुसलं जायचं. त्या मालिकेतली पुढची तेहास नावाची चिप इंटेलनं २००४ मध्ये रद्द केली. २००६ मध्ये आलेल्या कोअर २ मध्ये १४ पायऱ्या होत्या.