सुई टोचल्यावर रजिस्टरमध्ये काय लिहायचं?

सरकारी रुग्णालयातल्या मेडिकल वॉर्डची रात्रपाळी डोळ्यांसमोर आणा. तापाने दाखल झालेल्या, ग्लानीत असलेल्या एका रुग्णाला सलाईन लावायचं आहे. सिस्टरनी हातमोजे घातलेत आणि शीर सापडलीय. गुलाबी रंगाच्या, म्हणजे २० नंबरच्या इंट्राकॅथची नळी शिरेत सरकवून त्या आतली सुई बाहेर काढतात. तेवढ्यात रुग्ण हात झटकतो आणि ती सुई हातमोज्यातून सिस्टरांच्या डाव्या तर्जनीत घुसते. घड्याळात दोन वाजून चाळीस मिनिटं झालेली असतात. हे प्रसंग एकत्र करून रचलेलं उदाहरण आहे, पण वॉर्डात काम करणाऱ्या कुणालाही ते अनोळखी वाटणार नाही.

अशा वेळी पहिली चूक बहुतेकदा हातच करतो. बोट दाबून रक्त काढायचं, तोंडात धरायचं, नाहीतर स्पिरिट किंवा बीटाडीन ओतायचं, असं अगदी सहज घडतं. यातलं काहीही करायचं नसतं. दाबल्याने विषाणू बाहेर पडतात असा पुरावा नाही, उलट तिथली त्वचा आणखी दुखावते. जंतुनाशकानेही तेच होतं. हातमोजा काढून वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवायची, रक्त आपोआप येत असेल तर येऊ द्यायचं, एवढंच करायचं असतं. मात्र त्याआधी रुग्णाच्या हातातली नळी कुणाच्या तरी ताब्यात देऊन सुई शार्प्सच्या डब्यात टाकायची, नाहीतर तीच सुई पुढे मावशींना टोचते.

त्यानंतर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना कळवायचं. इथे अनेक सिस्टर थांबतात. ‘एवढ्याशा टोचण्याचं काय सांगायचं’, ‘इनचार्ज ओरडतील’, ‘रात्रीचं कुणाला उठवायचं’, असं म्हणत वेळ जातो. पण नोंदवहीतल्या प्रत्येक रकान्यावर उपचाराचा एकेक निर्णय अवलंबून असतो, म्हणून ती नोंद त्याच रात्री आणि पुरेपूर व्हायला हवी.

पहिला रकाना हत्याराचा. तिथे नुसतं ‘नीडल’ लिहिलं तर डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही. इंट्राकॅथची सुई आतून पोकळ असते आणि शिरेतून नुकतीच निघाल्यामुळे तिच्या पोकळीत ताजं रक्त असतं. टाके घालायची सुई भरीव असते. तिच्यावर बाहेरून लागलेलं रक्त हातमोज्यातून जाताना बरंचसं पुसलं जातं. एचआयव्हीबाधित रक्त लागलेल्या सुया टोचलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. जखम खोल असणं, सुईवर रक्त दिसणं, सुई थेट शिरेत किंवा धमनीत गेलेली असणं आणि रुग्णाचा आजार शेवटच्या टप्प्यात असणं, या चार गोष्टींनी धोका वाढतो असं त्यातून दिसलं. म्हणून आपल्या सिस्टरांची नोंद अशी असायला हवी: ‘इंट्राकॅथ २० नंबर, पोकळ सुई, शिरेतून काढताना, सुईवर रक्त होतं, डाव्या तर्जनीत खोल टोचली, रक्त आलं, एकच हातमोजा, वेळ २.४०.’ या एका ओळीत डॉक्टरांना हवं ते जवळपास सगळं आलं.

दुसरा रकाना रुग्णाच्या स्थितीचा. इथली सगळ्यात घातक चूक म्हणजे केसपेपरवर तपासणी दिसत नाही म्हणून ‘निगेटिव्ह’ लिहून मोकळं होणं. तपासणी झाली नसेल तर ‘माहीत नाही’ असंच लिहायचं आणि माहिती मिळवायची. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी, या तिन्हींची. एचआयव्हीची चाचणी संमतीशिवाय करता येत नाही, २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने तसं बंधन घातलंय. सिस्टरना सुई टोचली हे खरं असलं, तरी चोरून रक्त पाठवायची मुभा त्यामुळे मिळत नाही. रुग्ण ग्लानीत असल्याने इथे नातेवाइकांना नीट समजावून त्यांची लेखी संमती घेतली जाते. निकालही वॉर्डभर बोलायचा नसतो.

रिपोर्टची वाट पाहत बसायचं नसतं. एचआयव्हीविरोधी गोळ्यांचा पहिला डोस शक्यतो दोन तासांच्या आत घ्यायचा असतो. ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग होत नाही. म्हणून डॉक्टर म्हणतात, ‘सिस्टर, ही गोळी आत्ताच घ्या. रिपोर्ट आल्यावर पुढचं ठरवू.’ टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर ही तिन्ही औषधं एकाच गोळीत असतात. गरज असेल तर ती रोज एक याप्रमाणे २८ दिवस चालते. त्याच वेळी सिस्टरांचंही रक्त घेतलं जातं. आज त्या निरोगी होत्या याचा तो लेखी पुरावा. पुढे काही निघालंच तर आजार कामावर असताना लागला हे त्यावरूनच दाखवता येतं.

थोड्या वेळाने रुग्णाचे रिपोर्ट येतात. एचआयव्ही निगेटिव्ह, हिपॅटायटिस सी निगेटिव्ह, हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह. रुग्णाला नुकताच संसर्ग झाला असावा अशी शंका घेण्याजोगं काही नसेल तर एचआयव्हीची गोळी थांबवता येते. सिस्टरना हायसं वाटतं. पण खरी काळजी आता सुरू होते. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यावर लागण होण्याचं प्रमाण साधारण तीनशेत एक आहे. हिपॅटायटिस बीची लस न घेतलेल्यांत मात्र ते शंभरात तीसपर्यंत जाऊ शकतं. लोक एचआयव्हीला घाबरतात आणि या विषाणूला विसरतात. वाळलेल्या रक्तातही तो किमान सात दिवस तग धरतो.

सिस्टर म्हणतात, ‘माझे तीन डोस झालेत, कॉलेजात असतानाच.’ ते खरं असतं. पण त्यानंतर प्रतिपिंडांची पातळी कधी तपासलीच नव्हती. ही पातळी दहा किंवा त्याहून जास्त आली असती तर काहीच करावं लागलं नसतं. सिस्टरांची येते चार. म्हणजे लस त्यांच्या अंगी लागली होती याचा भरवसा धरता येत नाही. मग वजनाच्या हिशोबाने तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, म्हणजे हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन, शक्यतो २४ तासांत द्यावं लागतं. त्याच वेळी दुसऱ्या जागी लसीचा पहिला डोस देऊन नव्याने मालिका सुरू होते. पुढचे डोस एक आणि सहा महिन्यांनी. हे इंजेक्शन महाग असतं, प्रत्येक ठिकाणी साठ्यात नसतं. रात्री तीन वाजता ते कुठे मिळेल हे आधीच ठरवून फोन नंबर वॉर्डात लावलेला नसेल तर हाताशी असलेले चोवीस तास पळापळीतच संपतात.

हिपॅटायटिस सी निघाला असता तर? त्यासाठी टोचल्यानंतर घ्यायचं प्रतिबंधक औषध नाही. काही आठवड्यांनी रक्तात विषाणू आहे का ते पाहायचं आणि असेल तर उपचार सुरू करायचे. आता तो आजार गोळ्यांनी बरा होतो, हा मोठा दिलासा.

उरतो तो ‘कसं झालं’ हा रकाना. तिथे ‘सिस्टरांचा निष्काळजीपणा’ असं लिहिण्याची वाईट सवय अनेक ठिकाणी आहे. तसं लिहिलं की पुढच्या वेळी कुणी सांगायलाच येत नाही. आपल्या उदाहरणात लिहायला हवं ते वेगळंच आहे: रुग्ण ग्लानीत होता, हात धरायला दुसरं कुणी नव्हतं, चाळीस खाटांना रात्री एकच सिस्टर होत्या, शार्प्सचा डबा ट्रॉलीवर नसून खोलीच्या टोकाला होता आणि सुई काढताच टोकावर आवरण चढणारं सुरक्षित इंट्राकॅथ वॉर्डात आलेलंच नव्हतं. यातला डबा तर सकाळी ट्रॉलीवर आणता येतो. बाकीचं मेट्रनच्या आणि अधीक्षकांच्या टेबलावर लेखी जायला हवं. सिस्टरांना मात्र सहा महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायला बोलवायचं, तोवर त्यांनी रक्तदान करायचं नाही, आणि ती तारीख त्यांच्या हातात लिहून द्यायची.