खांबामागची काळी प्रभावळ: स्क्रीन-स्पेस अँबियंट ऑक्लूजन आणि कडांचा प्रश्न

मागच्या वेळी आपण डेप्थ बफर वाचून प्रत्येक पिक्सेलची जागा परत कशी मिळवायची ते पाहिलं. आज त्याच बफरवर उभं असलेलं एक तंत्र घेऊ या. त्याचं नाव स्क्रीन-स्पेस अँबियंट ऑक्लूजन. बोलताना आपण त्याला एसएसएओ म्हणू. तंत्र सोपं आहे, एका संध्याकाळी लिहून होतं. मात्र लिहून झालं की पडद्यावर प्रत्येक वस्तूभोवती एक काळपट कडा दिसू लागते, देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असते ना, तशी. ती प्रभावळ का येते आणि कशी घालवायची, हा आजचा विषय.

आधी मूळ कल्पना

खोलीच्या कोपऱ्यात, कपाटाच्या खाली, पायरीच्या खाचेत थोडा अंधार असतो. चारी बाजूंनी येणाऱ्या पसरट प्रकाशाला तिथपर्यंत पोचायला वाट कमी असते, म्हणून. प्रत्येक बिंदूपासून किरण सोडून हे मोजता येतं, पण ते महाग पडतं. क्रायटेक कंपनीने 2007 साली ‘क्रायसिस’ या गेममध्ये एक स्वस्त उपाय वापरला: दृश्याची भूमिती विचारायचीच नाही, पडद्याचा डेप्थ बफर विचारायचा.

त्या पहिल्या पद्धतीत नमुने बिंदूभोवतीच्या पूर्ण गोलात घेतले जात. त्यामुळे सपाट भिंतीवरही अर्धे नमुने भिंतीच्या आत जात आणि सगळं चित्र राखाडी दिसे. पुढे पृष्ठभागाचा नॉर्मल वापरून फक्त बाहेरच्या अर्धगोलात नमुने घेण्याची पद्धत रुळली. आपण तीच घेऊ.

```glsl
for (int i = 0; i < N; ++i) {
    vec3 S = P + TBN * kernel[i] * R;
    float zs = sceneDepth(toUV(S));
    float hit = (zs < -S.z - bias) ? 1.0 : 0.0;
    occ += hit;
}
float ao = 1.0 - occ / float(N);
```

`P` हा आपला बिंदू, `R` ही त्रिज्या, `S` हा नमुना. नमुना पडद्यावर ज्या पिक्सेलवर पडतो, तिथे कॅमेऱ्याला दिसणारा पृष्ठभाग `zs` इतक्या अंतरावर आहे. तो नमुन्यापेक्षा जवळ असेल, तर नमुना कशाच्या तरी मागे आहे, म्हणजे झाकलेला आहे. `bias` हे छोटंसं अंतर एवढ्यासाठी, की सपाट भिंतीने स्वतःलाच झाकलं असं वाटून तिच्यावर डाग पडू नयेत.

या ‘कशाच्या तरी मागे’ मध्येच सगळी गोम आहे.

एक खांब, एक भिंत

आकडे घेऊन बघू. कॅमेऱ्यापासून 3 मीटरवर खांब, 8 मीटरवर भिंत. दोघांमध्ये 5 मीटर मोकळी जागा. पडदा 1920 × 1080, उभा दृष्टिकोन 60 अंश, त्रिज्या अर्धा मीटर. या मांडणीत 8 मीटरवरचा अर्धा मीटर पडद्यावर साधारण 58 पिक्सेल भरतो.

आता भिंतीवरचा असा बिंदू घ्या, जो पडद्यावर खांबाच्या कडेपासून 30 पिक्सेल उजवीकडे आहे. त्याचे डावीकडचे काही नमुने पडद्यावर खांबावर पडतील. नमुना आहे साधारण 7.8 मीटरवर, बफर सांगतो 3 मीटर. आपला कोड म्हणतो: झाकलेला! वास्तविक खांब त्या बिंदूपासून 5 मीटर लांब आहे, अर्ध्या मीटरच्या गोलात त्याचा काही संबंध नाही. पण बफरला एवढंच माहीत, की या पिक्सेलवर सगळ्यात पुढे काय आहे. मागे काय आहे ते त्याने साठवलेलंच नाही.

म्हणून खांबाच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर 58 पिक्सेलपर्यंत पसरलेला काळा पट्टा येतो. डोळ्याला वाटतं, खांब भिंतीला चिकटलेलाच आहे.

मी स्वतः पहिल्यांदा हे लिहिलं तेव्हा ब्लरला दोष दिला आणि त्रिज्या कमी करत गेलो. अर्ध्या मीटरवरून पाच सेंटिमीटरवर आलो. पट्टा बारीक झाला, पण टेबलाखालचा, कोपऱ्यातला अंधारही गेला. सगळं सामान जमिनीवर तरंगत असल्यासारखं दिसायला लागलं. ज्यासाठी हा खटाटोप केला तेच फेकून दिलं होतं.

अंतराची तपासणी, आणि तिची ढिलाई

नेहमीचा उपाय म्हणजे रेंज चेक. बहुतेक ठिकाणी तो असा लिहिलेला सापडतो:

```glsl
float w = smoothstep(0.0, 1.0, R / abs(-P.z - zs));
```

आपल्या खांबावर लावून बघा. अंतरातला फरक 5 मीटर, त्रिज्या 0.5, भागाकार 0.1. `smoothstep` देतो 0.028. खांबाचा वाटा तीन टक्क्यांच्याही खाली गेला. पट्टा गेला, आपण खूश.

आता खांब काढा आणि भिंतीपुढे एक मीटरवर खुर्ची ठेवा. फरक 1 मीटर, भागाकार 0.5, `smoothstep` देतो बरोबर 0.5. म्हणजे जी खुर्ची त्रिज्येच्या दुप्पट लांब आहे, तिचाही अर्धा वाटा मोजला जातो. खुर्चीभोवती प्रभावळ आहेच, फक्त फिकट. ‘रेंज चेक लावला तरी थोडं राहतंच’ असं लोक म्हणतात, त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं. उतार फार सावकाश आहे.

मी तो असा बदलतो:

```glsl
float d = -P.z - zs;
float w = 1.0 - smoothstep(R, 1.5 * R, d);
occ  += hit * w;
wsum += w;
...
float ao = 1.0 - occ / max(wsum, 0.001);
```

यात तीन गोष्टी बघा. एक, त्रिज्येपर्यंत पूर्ण वजन, दीडपटीला शून्य. खुर्चीचं वजन आता शून्य होतं. एकदम तोडलं असतं तर तिरप्या पृष्ठभागांवर रेघ दिसली असती, म्हणून मधला उतार.

दोन, भागताना `N` ने नाही, वजनांच्या बेरजेने भागलंय. खांबाने अडवलेल्या नमुन्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही. त्याला ‘मोकळा’ म्हणून मोजलं, तर भिंत आणि जमीन मिळतात त्या कोपऱ्यातला अंधार खांबाजवळ येताच उजळतो. काळी प्रभावळ गेली आणि पांढरी आली! माहीत नाही ते मोजणीतच धरू नये, हे बरं.

तीन, `d` ला `abs` नाही. खांबाच्या कडेवरचा बिंदू घेतला, तर त्याचे काही नमुने बाहेर, दूरच्या भिंतीच्या पिक्सेलवर पडतात. ते खरोखर मोकळे आहेत. `abs` ठेवलं तर त्यांचं वजन शून्य होईल, मोकळे नमुने गळतील आणि खांबाची कड उगाच काळी पडेल. `abs` काढल्यावर `d` ऋण होतो आणि वजन 1 राहतं.

दुसरी प्रभावळ: ब्लर

नमुने कमी असतात, म्हणून आपण ते पिक्सेलागणिक फिरवतो आणि आलेला कणकण ब्लरने पुसतो. फिरवण्याचा नमुना 4 × 4 चा असेल तर ब्लरही 4 × 4 चा. साधा ब्लर कड ओळखत नाही. खांबाची किंमत भिंतीवर सांडते, भिंतीची खांबावर.

उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: शेजारच्या पिक्सेलची डेप्थ फार वेगळी असेल तर त्याला मोजू नका. पण इथे एक फसगत आहे. जमीन घ्या. कॅमेरा 1.6 मीटर उंचीवर, आणि आपण 20 मीटर दूरची फरशी बघतोय. आपल्याच मांडणीत तिथे वरखालच्या दोन शेजारी पिक्सेलांच्या डेप्थमध्ये साधारण 27 सेंटिमीटरचा फरक पडतो. तुम्ही मर्यादा 10 सेंटिमीटर ठेवलीत, तर फरशीवर ब्लर वरखाली चालतच नाही आणि कणकण तशीच दिसते. मर्यादा वाढवलीत, तर जवळच्या वस्तूंच्या कडा पुन्हा सांडतात.

म्हणून डेप्थ नका तोलू. शेजारचा बिंदू आपल्या पृष्ठभागाच्या प्रतलापासून किती बाहेर आहे ते तोला:

```glsl
float e  = abs(dot(Nrm, Q - P));
float wb = max(0.0, 1.0 - e / (0.1 * R));
```

सपाट फरशीवर `e` शून्यच येतो, ती कितीही तिरपी दिसो. खांब आणि भिंत यांच्यात तो मोठा येतो. दोन्ही कामं एका मर्यादेत होतात.

तिसरी: अर्धा आकार

वेग वाढवायला एसएसएओ 960 × 540 वर काढतात. तिथे डेप्थ लहान करताना चार पिक्सेलांची सरासरी घेऊ नका. 3 आणि 8 ची सरासरी 5.5, आणि 5.5 मीटरवर काहीच नाही! चारांपैकी एक खरी किंमत निवडा. परत मोठं करतानाही साधं मिसळणं नको. जवळचे चार लहान पिक्सेल घ्या आणि वरचंच प्रतलाचं वजन लावा.

कोणती प्रभावळ आहे हे ओळखायचं कसं?

`R` दुप्पट करा. पट्टा दुप्पट रुंद झाला, तर दोष नमुन्यांच्या मोजणीत आहे. तो पट्टा मागची भिंत दूर गेली की बारीकही होतो. रुंदी पिक्सेलांत तेवढीच राहिली, तर ब्लर बंद करून बघा. तरीही कडेला पायऱ्या-पायऱ्या दिसल्या, तर अर्ध्या आकाराकडे वळा. आणि हे सगळं एसएसएओचं चित्र एकटं पडद्यावर काढून बघा, रंगात मिसळून नाही. मिसळतानाही ते फक्त अँबियंट प्रकाशाला गुणा. अंतिम रंगाला गुणलंत तर भर उन्हातल्या भिंतीवरही काजळी येईल.

प्रश्न: खांब भिंतीला खरोखरच चिकटलेला असेल तर?

चांगला प्रश्न. समजा खांब भिंतीतूनच एक मीटर पुढे आलाय आणि आपण समोरून बघतोय. बाजू दिसत नाही, फक्त पुढचा चेहरा दिसतो. तो भिंतीपासून एक मीटर पुढे, म्हणून आपली तपासणी त्याला नाकारते आणि कोपऱ्यातला खरा अंधारही जातो. बफरमध्ये जाडी नाही. खुर्चीमागे पोकळी आहे आणि खांबामागे दगड आहे, हे त्याला वेगळं कळूच शकत नाही. डेप्थचा दुसरा थर साठवला तर कळतं, पण मग दृश्य दोनदा काढण्याचा खर्च येतो. एकाच थरावर काम करायचं असेल तर दोनपैकी एक चूक पत्करावी लागते. मी हरवलेला अंधार पत्करतो. जिथे नको तिथे आलेली प्रभावळ कॅमेरा हलला की वस्तूबरोबर भिंतीवरून सरकते आणि लगेच डोळ्यात भरते. कोपऱ्यात नसलेला अंधार बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.