काम संपल्यावर मेसेज कोण करतं?

रात्री साडेअकराला मेसेज येतो, ‘झोपलीस का?’ मग दीड तास गप्पा. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर तोच मुलगा नुसतं ‘हाय’ करून पुढे सटकतो. चार दिवस तुमच्या स्टोरीज बघतो, पण बोलत नाही. पाचव्या दिवशी पुन्हा एक मीम! असे पाच-सहा आठवडे गेले की ग्रुपमध्ये दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘सरळ विचारून टाक ना!’ दुसरा म्हणतो, ‘थांब जरा, कळेलच.’

दोन्ही सल्ले चुकीचे नाहीत. फक्त एक बघायला हवं, की आणखी थांबून काही नवं कळणार आहे का?

मुळात हे इशारे इतके धूसर का असतात? एक कारण साधं आहे. स्पष्ट बोललं तर नकार मिळू शकतो. मीम पाठवला तर ‘अगं, सहज पाठवला’ म्हणून सुटता येतं. दुसरं कारण जास्त गमतीशीर आहे. जॅकी व्होरॉर आणि रेबेका रॅटनर या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये यावरच संशोधन प्रसिद्ध केलं. आपण पुढाकार घेत नाही तेव्हा आपल्याला माहीत असतं, की आपण नकाराला घाबरतोय. पण समोरचा गप्प बसला की आपण म्हणतो, याला इंटरेस्टच नाही. वागणं दोघांचं सारखंच, अर्थ मात्र आपण वेगळे लावतो. म्हणजे दोघंही थांबले असतील, तर दोघांनाही एकमेकांच्या थांबण्यात नकार दिसतो.

तरीही निरीक्षण वाया जात नाही. कशाचं करायचं, एवढंच माहीत हवं. एक उदाहरण घेऊ.

समजा, कॉलेजच्या एकांकिकेच्या तालमी सुरू आहेत. तो लाइट्स बघतोय, ती नेपथ्य. दीड महिना रोज रात्री तो तिला बाइकवरून हॉस्टेलला सोडतो. चहा एकत्र, जागरण एकत्र, मेसेज चालूच. तिला वाटतं, काहीतरी आहे. असेलही. पण तालमीच्या काळात सगळेच एकमेकांच्या जवळ आलेले असतात. शिवाय तिच्या आधी तो संगीतवाल्या मुलालाही रोज घरी सोडायचा. म्हणून पहिला प्रश्न असा: तो इतरांशी कसा वागतो? जे तो सगळ्यांसाठी करतो, ते इशारा म्हणून मोजायचं नाही. फक्त तिच्यासाठी वेगळं काय, तेवढंच धरायचं.

दुसरा प्रश्न स्पर्धा झाल्यावरचा. भेटायचं कारण संपलं, मग आता आधी कोण बोलतं? इथे थोडी सवड द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात सगळे झोप भरून काढतात, राहिलेल्या सबमिशन्स लिहीत बसतात. त्या शांततेचा काहीच अर्थ निघत नाही. दुसऱ्या आठवड्यात मात्र काही काम नसताना त्याचा मेसेज आला, तर तालमीतल्या पन्नास मेसेजेसपेक्षा तो एक जास्त सांगून जातो.

तिसरी गोष्ट तिनेच करायची. एक छोटंसं, ठरावीक आमंत्रण द्यायचं. ‘कधीतरी भेटू या’ नाही, तर ‘शनिवारी त्या चित्रप्रदर्शनाला येतोस?’ तो ‘नाही जमणार’ म्हणाला, तर पुढचं वाक्य ऐकायचं. ‘शनिवारी घरी चाललोय, रविवारी संध्याकाळी चालेल?’ यात इच्छा दिसते. ‘बघू, सांगतो’ आणि मग गप्प, असं एकदा झालं तर सोडून द्या. दोनदा झालं तर ते उत्तरच समजा. आपल्याकडे तोंडावर ‘नाही’ म्हणायला लोक कचरतात, त्यामुळे ‘बघू’ हे बऱ्याचदा नाहीचं सभ्य रूप असतं.

आता समजा, आपल्या या मुलीला मिळालेली उत्तरं संमिश्र आहेत. मेसेज तो स्वतःहून करतो. प्रदर्शनाला शनिवारऐवजी रविवारी आला, छान गप्पा मारल्या. पण त्यापुढे गाडी सरकत नाही. आणखी तीन आठवडे गेले तरी येणार तेच, आणखी एक मीम, आणखी एक चहा. नवीन माहिती येणं थांबलंय. विचारायची वेळ झाली ती इथे.

यापुढे थांबण्याची किंमतही वाढत जाते. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. काही विद्यार्थिनींना सांगितलं, की तुमचं फेसबुक प्रोफाइल पाहून या मुलांना तुम्ही खूप आवडलात. काहींना सांगितलं, ठीकठाक वाटलात. काहींना सांगितलं, दोन्हींपैकी काहीही असू शकतं. सर्वांत जास्त ओढ वाटली ती या तिसऱ्या गटाला, आणि त्या मुलांचा विचारही त्याच जास्त करत राहिल्या. म्हणजे नुसतं बघत बसताना आपण तटस्थ राहत नाही. जितकं कळत नाही, तितके गुंतत जातो.

विचारायचं कसं? सगळ्यांसमोर नको, रात्री दोनला नको, आणि बाइकवर मागे बसून तर नकोच. दोघांनाही सहज उठून जाता येईल अशी जागा हवी, टपरीवरचा चहा किंवा बसस्टॉपपर्यंतचं चालणं. ‘तू मला हिंट्स का देत होतास?’ असं विचारलं की समोरचा थेट आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. त्यापेक्षा स्वतःबद्दल बोलावं: ‘मला तुझ्याशी बोलायला आवडतं, आणि आता मैत्रीपेक्षा थोडं जास्त वाटतंय. तुला तसं वाटत नसेल तर सांग, चालेल मला. आत्ताच उत्तर दे असं नाही.’

समजा तो म्हणाला, ‘मला तुझ्याशी गप्पा मारायला खरंच आवडतं, पण तसं कधी वाटलं नाही.’ वाईट वाटेल, वाटणारच. पण म्हणजे दीड महिन्याचे इशारे खोटे नव्हते. त्याला तिची सोबत आवडत होती, हे खरंच होतं. तिचा प्रश्न वेगळा होता, आणि त्याचं उत्तर त्याच्या मेसेजेसमध्ये कितीही शोधलं तरी सापडलं नसतं. उत्तर ‘माहीत नाही’ असं आलं, तर पुन्हा दीड महिना निरीक्षणाला बसू नका. सध्यापुरतं ते ‘नाही’ धरा. त्याला पुढे काही वाटलं, तर तुमच्या मनातलं त्याला आता माहीत आहे.

काही वेळा मात्र बोलायची घाई नको. तुम्ही दिग्दर्शक आणि ती व्यक्ती ज्युनिअर असेल, तर तुम्हाला ‘नाही’ म्हटल्यावर आपली भूमिका जाईल अशी धास्ती तिला वाटू शकते. तालमी संपेपर्यंत थांबा. रोज एकत्र काम असेल, तर नकारानंतर दोघांनाही तोंड लपवायला जागा उरत नाही, म्हणून तेव्हाही स्पर्धा होऊ द्या.

आणि निरीक्षण म्हणजे पाळत नव्हे. लास्ट सीन तपासणं, क्लासबाहेर घुटमळणं, मित्रांकडून ठावठिकाणा काढणं, यातून त्या व्यक्तीच्या मनातलं काही कळत नाही. मुलीने स्पष्टपणे नको म्हटल्यावरही मुलगा पुन्हा पुन्हा संपर्क करत राहिला, किंवा ती ऑनलाइन काय करते यावर नजर ठेवत राहिला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार तो गुन्हा आहे.

तेव्हा कॅलेंडर काढा. सबमिशन्सचा आठवडा सोडून पुढचे दोन आठवडे मोजा, एक ठरावीक आमंत्रण द्या. त्यातूनही कळलं नाही, तर बसस्टॉपपर्यंत चालत जा आणि विचारा.