कविता पाठ करण्याआधी श्वास ठरवा

विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर गावोगाव काव्यवाचनाचे कार्यक्रम करत, तेव्हा समोरचा श्रोता कविता ऐकायची म्हणूनच घरून निघालेला असायचा. आजच्या ओपन माइकवर कवीचं नाव पुकारलं जातं ते एखाद्या विनोदी किस्से सांगणाऱ्यानंतर आणि गिटारवाल्याच्या आधी. कॅफेत कपबशा वाजत असतात. वेळ मिळते तीन ते पाच मिनिटं, आणि त्यातच माइक खालीवर करणं, नाव सांगणं, आधीच्याच्या टाळ्या विरणं हे सगळं येतं. मार्क स्मिथ या कवीने 1986 मध्ये शिकागोच्या ग्रीन मिल या बारमध्ये कवितांच्या स्पर्धा सुरू केल्या. त्या प्रकारात पुढे तीन मिनिटांची मर्यादा रूढ झाली, वर फक्त दहा सेकंदांची सवलत. ओपन माइकवर गुण कापत नाहीत, पण सूत्रसंचालक बाजूला येऊन उभा राहतो आणि कवीचं लक्ष उडतं.

म्हणून बहुतेक जण तयारीला बसतात ती घड्याळ लावून. आधी कविता पाठ करायची, मग वेग बघायचा आणि जमलं तर ‘हावभाव’ घालायचे. हा क्रम उलटा आहे. आधी ठरवायला हवं ते श्वास कुठे घ्यायचा हे, कारण थांबे, वेग आणि पाठांतर ही तिन्ही कामं त्यावरच उभी राहतात.

समजा, एका नवख्या कवयित्रीच्या तीस ओळींच्या कवितेत या चार ओळी आहेत:

गावच्या स्टँडवरचं घड्याळ
अजून सव्वादहाच दाखवतं,
ज्या गाडीने तो गेला, तिची वेळ.
आई म्हणते, उशीर झालेला नाही.

कागदावर चार ओळी आहेत, म्हणून ती चार ठिकाणी थांबते. ‘घड्याळ’ म्हणून थांबली, की ऐकणाऱ्याच्या हाती नुसतं एक नाम येतं आणि वाक्य लटकतं. नवशिक्यांच्या वाचनाला जो शाळकरी ठेका येतो, तो इथून. मुक्तछंदात ओळ कुठे तोडली हे डोळ्यांना दिसतं, पण कानाला वाक्य लागतं. त्यामुळे पहिल्या दोन ओळी एकाच श्वासात जायला हव्यात. ‘दाखवतं’नंतर श्वास. इथपर्यंत ऐकणाऱ्याला वाटतं, घड्याळ बंद पडलंय, एवढंच. त्याला तसं वाटू द्यायला एक सेकंद पुरतो. मग तिसरी ओळ येते आणि घड्याळ का सांगितलं ते कळतं. इथे मात्र दोन सेकंदही चालतील, कारण आता ऐकणारा ‘तो कोण’ याचा विचार करतोय. चौथ्या ओळीत ‘आई म्हणते’नंतर श्वास घ्यायचा नाही, नुसतं किंचित थबकायचं.

शेवटच्या ‘नाही’कडे नीट बघायला हवं. मराठीत क्रियापद आणि नकार दोन्ही वाक्याच्या टोकाला येतात, आणि नेमका तिथेच दम संपतो, आवाज खाली घसरतो. मागच्या रांगेला ऐकू जातं, ‘उशीर झालेला’. अर्थ उलटा झाला! यावर उपाय मोठ्याने बोलणं हा नव्हे. श्वास ओळीच्या मध्यावर न घेता ओळीच्या आधी घ्यायचा, म्हणजे शेवटच्या शब्दासाठी हवा शिल्लक राहते. फोनवर रेकॉर्डिंग करून ते खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ऐकलं, की कुठले शेवटचे शब्द गळतात ते लगेच कळतं.

आता पेन्सिल घेऊन कवितेवर खुणा करायच्या. श्वास घ्यायचा तिथे उभी रेघ, हवा न घेता थबकायचं तिथे छोटा स्वल्पविराम, पुढच्या ओळीत थेट जायचं तिथे बाण. वृत्तबद्ध कवितेत यातलं काही काम वृत्तानेच केलेलं असतं. शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांत बाराव्या अक्षरानंतर यती येते, मंदाक्रांतेत चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर. मुक्तछंद लिहिणाऱ्याला आपली यती स्वतः शोधावी लागते. मोठा थांबा अख्ख्या कवितेत एखादाच असावा, फार तर दोन. प्रत्येक ओळीनंतर अर्थपूर्ण शांतता ठेवणारा कवी तिसऱ्या कडव्यापर्यंत त्या शांततेची किंमत घालवून बसतो.

श्वास किती घ्यायचा? छाती फुगवून भरून घेतला तर पहिलीच ओळ फुसकन बाहेर पडते. पोटावर हात ठेवून बघावं: श्वास घेताना हात पुढे यायला हवा, खांदे जागेवर राहायला हवेत. घाबरल्यावर खांदे उचलतात, श्वास उथळ होतो आणि दर दोन शब्दांनी हवा लागते. म्हणून माइकसमोर उभं राहिल्यावर आधी सावकाश श्वास सोडायचा. पुढचा आपोआप पुरेसा आत येतो. माइकपासून चार बोटं ते वीतभर अंतर ठेवून तोंड किंचित तिरकं धरलं, तर ‘प’, ‘फ’, ‘भ’चे धपके बसत नाहीत आणि श्वासाचा आवाजही स्पीकरमधून घुमत नाही.

वेग मुद्दाम कमी करावा लागत नाही. खुणा पाळल्या की तो आपसूक उतरतो. तीस ओळींची ती कविता घाईत सव्वा मिनिटात उरकते, श्वास घेत म्हटली तर दोन मिनिटांच्या आसपास जाते. मंचावर मात्र काळाचा अंदाज फसतो. एका सेकंदाचा थांबा कवीला तीन सेकंदांचा वाटतो आणि तो पुढे पळतो. त्यामुळे सरावात थांबा मनात मोजावा, अंदाजाने ठेवू नये.

पाठांतराचं एकक ओळ नसून दोन रेघांमधला श्वासाचा तुकडा. विसर पडतो तो बहुधा तुकड्याच्या आत नव्हे, सांध्यावर: पुढचा तुकडा सुरू कसा होतो, हेच आठवत नाही. वेदपठणाच्या परंपरेत यावर जुनी युक्ती आहे. क्रमपाठात पहिला शब्द दुसऱ्याशी जोडून म्हणतात, मग दुसरा तिसऱ्याशी, तिसरा चौथ्याशी. कवितेचे तुकडेही तसेच जोडावेत: पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा. सांधा दोन्ही बाजूंनी घासला जातो. कागद बघून दहादा वाचण्यापेक्षा तो उलटा ठेवून आठवायचा प्रयत्न करणं जास्त उपयोगी, अडखळलं तरी. आणि एका रात्रीत रट्टा मारण्यापेक्षा चार-पाच दिवस थोडं थोडं. उजळणी अनेक दिवसांत विभागली तर ती कमी लागते, हे हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. शेवटची परीक्षा भांडी घासताना घ्यावी. हात गुंतलेले, नळ वाहतोय, तरी कविता थांबत नसेल तर ती कॅफेतल्या कपबशांनाही पुरून उरेल.

कागद खिशात असावा, हातात नको. घबराटीत हात थरथरतो आणि कागद ते सगळ्यांना दाखवतो. इतकं करूनही मंचावर एखादी ओळ निसटतेच. तेव्हा ‘सॉरी’ म्हणायचं नाही. आत्ताच म्हटलेला तुकडा पुन्हा एकदा, थोडा सावकाश म्हणायचा. ऐकणाऱ्यांना ते धृपद वाटतं, आणि तेवढ्यात सांध्याच्या सवयीने पुढचा तुकडा बहुतेक वेळा तोंडात येतो. नाहीच आला, तर पुढच्या कडव्याच्या पहिल्या श्वासावर उडी मारायची. गळालेली ओळ फक्त कवीला माहीत असते.