डावा हात ऐकावा

पाश्चात्त्य अभिजात संगीताशी ओळख करून घ्यायला निघालेल्या माणसाला आधी एक सनावळी भेटते. बरोक काळ साधारण १६०० ते १७५०, क्लासिकल काळ तिथून १८२० च्या आसपासपर्यंत, आणि उरलेले एकोणिसावे शतक रोमँटिक. पाठ करायला ती सोपी आहे, पण कानाला तिचा काडीचा उपयोग होत नाही. रेडिओवर मध्येच एखादी रचना लागली, तर ती कोणत्या काळातली हे सनावळीवरून कसे कळणार?

माझ्या मते त्याहून बरा रस्ता आहे. प्रत्येक काळातली पियानोवर वाजणारी एकेक छोटी रचना घ्यावी. उजव्या हाताची धून आपोआप कानावर पडते, ती पडू द्यावी. लक्ष मात्र डाव्या हाताकडे ठेवावे. तो काय करतो आहे यावरून बहुतेक वेळा काळ ओळखता येतो. त्यासाठी मी तीन रचना निवडल्या आहेत : बाखचा सी मायनरमधला फ्यूग, मोझार्टचा सी मेजरमधला सोनाटा आणि शोपँचे ई मायनरमधले प्रिल्यूड.

त्याआधी दोन गोष्टी सांगायला हव्यात. आपल्या मैफलीत तानपुरा षड्ज धरून बसतो आणि रागभर तो हलत नाही. इथे रचनेच्या मध्येच षड्ज उचलून दुसऱ्या स्वरावर नेतात आणि शेवटी परत घरी आणतात. दुसरी गोष्ट कॉर्डची. तीन-चार स्वर एकाच वेळी वाजवून त्यांचा जो एकत्रित रंग होतो, तो कॉर्ड. हार्मोनियमवर सा, ग, प एकदम दाबा, मग शुद्ध गंधाराच्या जागी कोमल घ्या. पहिला मेजर, दुसरा मायनर. एवढी शिदोरी पुरे.

योहान सेबास्टियन बाखने १७२२ मध्ये कोथेनच्या दरबारात नोकरीला असताना ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हिअर’ या संग्रहाचा पहिला भाग पुरा केला. सप्तकातल्या बाराही स्वरांना आळीपाळीने षड्ज मानायचे, प्रत्येकावर एक मेजर आणि एक मायनर रचना करायची, म्हणजे चोवीस जोड्या. प्रत्येक जोडीत आधी प्रिल्यूड, मग फ्यूग. सी मायनरचा फ्यूग तीन आवाजांचा आहे. सुरुवातीला मधला आवाज एकटाच येतो आणि एक नखरेल, ठेक्यात चालणारी धून मांडतो : सा, नी, सा, मग खाली प आणि कोमल ध. ही धून दोन बार चालते. बार म्हणजे मात्रांचा एक ठरावीक गट. तिसऱ्या बारमध्ये वरचा आवाज तीच धून पंचमाला षड्ज मानून उचलतो, आणि पहिला आवाज गप्प न बसता तिच्या अंगाने दुसरेच काही वाजवत राहतो. सातव्या बारमध्ये खर्जातला आवाज येतो, म्हणजे डाव्या हाताची पाळी येते. आणि तो काय वाजवतो? साथ नव्हे, तीच धून.

बरोकची खूण इथे सापडते. डावा हात उजव्याचा नोकर नसतो, बरोबरीचा भागीदार असतो. एकाच वेळी दोन-तीन स्वतंत्र धुनी चालतात आणि त्या एकमेकींना छेद न देता जुळून बसतात. हा प्रकार मराठी कानाला अगदीच परका नाही. शंकर-जयकिशनच्या गाण्यांत गायकाच्या ओळीमागे व्हायोलिनचा ताफा भलतीच सुंदर, वेगळी धून वाजवत जातो. ती लिहिणारे सेबॅस्टियन डिसूझा गोव्याचे. फरक इतकाच, की तिथे गायक पुढे आणि व्हायोलिने मागे असतात. बाखच्या फ्यूगमध्ये पुढे-मागे कोणीच नसते.

एकतीस बारच्या या रचनेत मूळ धून आठ वेळा येते. अकराव्या बारमध्ये ती मेजरमध्ये जाते आणि घटकाभर ऊन पडल्यासारखे होते, पण चाल बदलत नाही. आरंभी जो भाव आणि जो ठेका धरला, तो शेवटपर्यंत राहतो. मध्ये थांबणे नाही, श्वास घेणे नाही. हीही त्या काळाची रीत : एका रचनेत एकच भाव. शेवटच्या कॉर्डमध्ये मात्र बाख कोमल गंधार काढून शुद्ध गंधार ठेवतो. मायनर रचना मेजरवर संपवण्याची ती त्या काळातली आवडती प्रथा होती.

आवाज हळूहळू चढवत नेणे इथे फारसे ऐकू येत नाही, याला वाद्यही कारणीभूत आहे. त्या काळच्या हार्पसिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की पिसाच्या देठाचा छोटा तुकडा तार छेडतो. बोट जोरात मारले तरी तार तितकीच वाजते. तारांचा आणखी एक संच जोडून आवाज वाढवता येतो, पण तो पायरीसारखा एकदम वाढतो. वाद्यवृंदातही हार्पसिकॉर्ड असे. त्याचा वादक डाव्या हाताने चेलोबरोबर खर्जाची ओळ वाजवी आणि तिच्याजवळ लिहिलेल्या आकड्यांवरून उजव्या हाताचे कॉर्ड जागच्या जागी रचत जाई. विवाल्डी ऐकताना तळाशी सतत चालणारी खर्जाची ओळ आणि तिच्यावरची किणकिण कानावर आली, तर ती हीच.

आता मोझार्ट. जून १७८८ मध्ये व्हिएन्नात त्याने आपल्या रचनांच्या यादीत एक छोटा सोनाटा नोंदवला आणि तो नवशिक्यांसाठी असल्याचे लिहून ठेवले. उजवा हात : सा, ग, प, मग खाली येऊन नी, सा, रे, सा. डावा हात : सा प ग प, सा प ग प. हार्मोनियम वाजवणाऱ्या कोणालाही हे पाच मिनिटांत जमेल. डाव्या हाताने फक्त कॉर्डचे तीन स्वर सुटे करून फिरवत ठेवायचे. या साथीला अल्बर्टी बास म्हणतात. बाखकडचा भागीदार इथे तबलजी झाला आहे. धून एकच, ती वर, आणि तिच्याखाली हलकी, नियमित चाल. धुनीचे तुकडेही मोजके : दोन बार बोलायचे, दोन बारनी उत्तर द्यायचे.

पण क्लासिकल म्हणजे नुसता साधेपणा, असे समजू नये. खरी कारागिरी आराखड्यात आहे. पहिली धून झाली की उजवा हात सुरावलींची थोडी धावपळ करतो, आणि मग क्षणभर सगळे थांबते. त्या थांब्यानंतर येते दुसरी धून, आणि ती येते पंचमाला षड्ज मानून. म्हणजे आपण घराबाहेर पडलो. अठ्ठाविसाव्या बारपर्यंत ही मांडणी संपते. त्यानंतरचा भाग मायनरमध्ये शिरतो, षड्ज अस्थिर होतो, कुठे चाललो आहोत ते कळेनासे होते. मग मूळ धून परतते. नियमाप्रमाणे ती मूळ षड्जावर यायला हवी, पण मोझार्ट बेचाळिसाव्या बारमध्ये ती मध्यमाला षड्ज मानून आणतो. नवशिक्यांच्या सोनाट्यात असली खोडी! दुसरी धून मात्र शेवटी मूळ षड्जावर येते. आधी परक्या षड्जावर ऐकलेली धून आता घरच्या षड्जावर ऐकू आली, की रचना पुरी झाल्याचे समाधान मिळते. सोनाटा, सिम्फनी, चौघांचे तंतुवाद्यमेळ, सगळीकडे त्या काळात मुख्यतः हाच आराखडा सापडतो.

त्याच उन्हाळ्यात मोझार्टने लिहिलेल्या चाळिसाव्या सिम्फनीचा आरंभ आपल्या ओळखीचा आहे. ‘छाया’ (१९६१) या चित्रपटातले तलत आणि लताचे युगलगीत सलील चौधरींनी त्यावरूनच बांधले.

आवाजाचा चढउतारही आता बोटांत आला होता. फ्लॉरेन्सच्या क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास तार छेडण्याऐवजी तिच्यावर हातोडी मारणारे वाद्य बनवले होते. त्याचा प्रसार व्हायला काही दशके लागली. मोझार्टच्या घरी जो पियानो होता, तो लाकडी सांगाड्याचा, सुमारे पाच सप्तकांचा, पातळ पण स्वच्छ आवाजाचा होता. अशा वाद्यावर डावा हात उजव्यापेक्षा हलक्या आवाजात वाजवता येतो. हार्पसिकॉर्डवर ते नुसत्या बोटांनी साधत नव्हते.

फ्रेडरिक शोपँ १८३८ च्या हिवाळ्यात लेखिका जॉर्ज साँडबरोबर मायोर्का बेटावर गेला. पाऊस, खोकला, वाल्देमोसाच्या मठातली थंड खोली, आणि पॅरिसहून मागवलेला पियानो जकातीत अडकलेला. सोबत बाखचा तो चोवीस जोड्यांचा संग्रह होता. तिथे त्याने आपली चोवीस प्रिल्यूड्स पुरी केली, तीही बाराही षड्जांवरची, मेजर आणि मायनर. मात्र त्यांच्या जोडीला एकही फ्यूग नाही. आधीची प्रस्तावनाच आता पूर्ण रचना झाली.

चौथे प्रिल्यूड पंचवीस बारचे आहे. ई हा षड्ज धरला, तर उजवा हात वाजवतो प, कोमल ध, प. पुन्हा प, कोमल ध, प. धून जवळजवळ जागची हलत नाही. सगळे काही डावा हात करतो. तो एकसारखे कॉर्ड वाजवत राहतो, आणि त्या कॉर्डमधला कधी एक, कधी दोन स्वर अर्ध्या स्वराने खाली सरकतात. वरचा पंचम तोच, पण खालचा रंग बदलल्यामुळे तो दर वेळी वेगळा, अधिक व्याकूळ लागतो. कॉर्ड कुठे टेकतील याचा अंदाज येत नाही. मोझार्टकडे थांबे ठरलेले होते, इथे श्रोत्याला अधांतरी ठेवणे हाच हेतू आहे. दुसऱ्या अर्ध्यात, सतराव्या बारच्या सुमाराला, आवाज एकदम चढतो, लय घाईला येते आणि लगेच ओसरते. अखेरीला एक शांत जागा, आणि मग तीन मंद कॉर्ड.

रोमँटिक काळ इथे ऐकू येतो : आराखड्यापेक्षा मनःस्थिती मोठी, लय ताणणारी-सैल सोडणारी, आणि कॉर्ड केवळ साथीला नव्हे तर रंगासाठी. काहींनी हे अतिशय छोट्या रचनांत साधले, तर बर्लिओझने १८३० मध्ये प्रचंड वाद्यवृंद घेऊन एका प्रेमवेड्या कलावंताची अख्खी कथा सिम्फनीत सांगितली.

ही डाव्या हाताची खूण दर वेळी लागू पडेलच असे नाही. बेथोव्हनचा ‘मूनलाइट’ म्हणून प्रसिद्ध झालेला सोनाटा १८०१ चा, म्हणजे सनावळीनुसार क्लासिकल. पण त्याचा पहिला भाग ऐकून कोणीही रोमँटिक म्हणेल, आणि त्याला चूक म्हणता येणार नाही. शिवाय बाख, मोझार्ट आणि शोपँ हे तिघे एकमेकांपासून तुटलेले नव्हते. मोझार्ट १७८२ पासून व्हिएन्नात बॅरन फान स्वीटेनच्या घरी दर रविवारी बाखचे फ्यूग अभ्यासत होता. शोपँच्या अंत्यविधीला १८४९ मध्ये पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये मोझार्टचे ‘रेक्विएम’ गायले गेले आणि हेच ई मायनर प्रिल्यूड ऑर्गनवर वाजवले गेले.

ऐकायचे असेल तर यूट्यूबवर BWV 847, K. 545 आणि Op. 28 No. 4 असे शोधावे. पहिल्यातला फक्त फ्यूग आणि दुसऱ्यातला फक्त पहिला भाग घेतला, तर तिन्ही मिळून दहा मिनिटांच्या आत संपतात. तिन्ही पियानोवरच ऐका, म्हणजे वाद्याच्या आवाजावरून ओळखण्याची पळवाट राहणार नाही. आणि बाख दोनदा तरी ऐका, कारण फ्यूगमधला तिसरा आवाज पहिल्या खेपेला बहुतेकांच्या कानातून निसटतो.