पाण्याची वाट : नळाची धार खाली बारीक का होते?

मागच्या लेखात बर्नोलीचे समीकरण पाइपातल्या पाण्याला लावले होते. आज तेच पाणी नळाबाहेर पडल्यावर पाहू. नळ बेताने सोडला, की तोंडाशी जाड असलेली धार खाली निमुळती होत जाते. पुष्कळ जण याचे कारण 'दाब कमी होतो' असे सांगतात. ते चूक आहे. उघड्या धारेभोवती वरपासून खालपर्यंत हवाच असते, त्यामुळे दोन्ही टोकांना दाब जवळजवळ सारखाच, म्हणजे वातावरणाचा. समीकरणातली दाबाची पदे एकमेकांना छेदून जातात आणि उरते एवढेच: पाणी जितके खाली येईल तितकी त्याची स्थितिज ऊर्जा गतिज ऊर्जेत बदलते.

v₂² = v₁² + 2gh

म्हणजे पडणाऱ्या दगडाचाच नियम. पण दगड बारीक होत नाही, धार होते, कारण ती अखंड असते. वरून दर सेकंदाला जितके पाणी येते तितकेच खालच्या छेदातून गेले पाहिजे. मध्ये ते साठत नाही, नाहीसेही होत नाही. हे सातत्याचे समीकरण: A₁v₁ = A₂v₂. वेग वाढला, की छेदाचे क्षेत्रफळ घटणारच.

आकडे घालून पाहू. समजा, एक लिटरचे भांडे 20 सेकंदांत भरते, म्हणजे सेकंदाला 50 घन सेंटिमीटर पाणी येते. तोंडाशी धारेचा व्यास 12 मिलिमीटर असेल, तर तिथला वेग सेकंदाला सुमारे 44 सेंटिमीटर येतो. 20 सेंटिमीटर खाली तो सुमारे 203 होतो आणि व्यास उरतो 5.6 मिलिमीटर. वेग साडेचार पटींहून अधिक वाढला, पण व्यास निम्म्याहून थोडाच खाली आला, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. त्यातही गंमत अशी, की पहिल्या 5 सेंटिमीटरांतच व्यास 7.7 मिलिमीटरवर येतो. उरलेल्या 15 सेंटिमीटरांत तो जेमतेम 2 मिलिमीटर घटतो. म्हणून धारेचा वरचा भाग गळ्यासारखा वळलेला आणि खालचा जवळजवळ सरळ दिसतो.

नळ चौपट सोडला, तर तेवढ्याच उंचीत 12 चे 9.8 मिलिमीटरच होतात. सुरुवातीचाच वेग मोठा असल्याने पडण्याने त्यात तुलनेने थोडीच भर पडते.

पृष्ठताणामुळे धारेच्या आत दाब किंचित जास्त असतो. आपल्या उदाहरणात दोन टोकांतला हा फरक दीड मिलिमीटर पाण्याच्या दाबाहूनही कमी आहे, म्हणून तो सोडून दिला. सुतासारख्या धारेत मात्र तो सोडता येत नाही. तिथे पृष्ठताण धार तोडून तिचे थेंब करतो आणि हे गणित तिथेच थांबते. तोंडाला जाळी असलेल्या नळालाही ते लावू नका. त्या धारेत हवा मिसळलेली असते.

घरी करायचे असेल, तर जाळी नसलेला नळ घ्या, धार काचेसारखी स्वच्छ आणि स्थिर दिसेल इतकाच सोडा आणि दोन ठिकाणचे व्यास आणि त्यांमधली उंची मागे पट्टी धरून मोजा. त्यावरून काढलेला प्रवाह भांडे भरायला लागलेल्या वेळाशी ताडून पाहा.