कवडशात दिसते ती धूळ

कोकणातल्या कौलारू देवळात सकाळी गुरव सभामंडप झाडतो, तेव्हा कवडसा उभा राहतो. झाडण्याआधी जमिनीवर उन्हाचा नुसता ठिपका असतो. केरसुणी फिरली की कौलापासून जमिनीपर्यंत तिरका सोनेरी खांब दिसू लागतो. ऊन तेवढंच असतं, हवेत धूळ मात्र वाढलेली असते.

आपल्यासमोरून आडवा जाणारा उजेड आपल्याला दिसत नाही. वाटेत कशावर तरी आदळून त्यातला थोडा आपल्याकडे वळावा लागतो. जॉन टिंडल या आयरिश शास्त्रज्ञाने १८७०च्या दशकात हे फार सुंदर दाखवलं. त्याने पेटीला आतून ग्लिसरीन फासलं आणि ती बंद करून काही दिवस ठेवून दिली. तरंगणारे कण खाली बसले, चिकटले. मग त्याने पेटीतून प्रकाशाचा झोत आरपार सोडला. बाहेर दोन्ही बाजूंना झोत लख्ख दिसत होता, पेटीत मात्र काळोख होता.

कवडसा पाहायचा तर कुठे उभं राहायचं, हेही धूळच ठरवते. तिचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे असतात, म्हणून ते उजेड मुख्यतः पुढच्या दिशेलाच पसरवतात. उन्हाकडे तोंड करून, किंचित बाजूला उभं राहा. मागे गाभाऱ्याचा अंधार आला तर फारच छान. तोच खांब ऊन पाठीशी घेऊन पाहिला, मागे चुन्याची भिंत असली, की जवळजवळ नाहीसा होतो. पुष्कळांचे फोटो इथेच फसतात.

फट वेडीवाकडी असली तरी ती लहान असेल तर खालचा ठिपका गोलसर पडतो, कारण ती सूर्याचीच प्रतिमा असते. फटीपासून ३ मीटरवर ही प्रतिमा साधारण २८ मिलिमीटरची होते. ऊन तिरकं असेल तर लांबट. ग्रहणात याच ठिपक्यांच्या कोरी होतात. रानात पानांमधल्या फटींतून हेच घडतं, फक्त तिथे पहाटे धुळीचं काम बरेचदा धुक्याचे थेंब करतात, आणि ऊन तापून धुकं विरलं की खांबही विरतात.

आपल्याकडे या कणाला नावसुद्धा आहे: त्रसरेणू. जाळीतून आलेल्या उन्हात दिसणारा कण हे मनुस्मृतीत वजनाचं पहिलं माप मानलं आहे. मला हे नाव फार आवडतं. ज्याने ते दिलं, त्याने कवडशासमोर नक्कीच बराच वेळ घालवला असणार.

हवा अगदी स्थिर असेल तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा कण ३ मीटर खाली यायला सुमारे पाव तास घेतो. त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या कणाला जवळजवळ दिवस लागतो. प्रत्यक्षात हवा हलत असते, म्हणून कण वर चढताना, गिरक्या घेतानाही दिसतात. तासाभराने खांब फिका पडतो, ठिपका तसाच राहतो. मग कुणीतरी उदबत्ती लावतं, आणि धूर उन्हाच्या वाटेत शिरताच तिथे निळसर खांब उभा राहतो.